खर्चावर टक्के चढवायचे की फायद्यातला वाटा मागायचा?

पत्र

आम्ही तिघांनी मिळून बडोद्यात एक सॉफ्टवेअर तयार केलंय. कारखान्यातून जॉबवर्कला, म्हणजे बाहेरच्यांकडून काम करून घ्यायला, गेलेला माल कुठल्या चलानवर, कोणाकडे, किती आणि किती दिवस पडून आहे हे त्यात दिसतं. मकरपुऱ्यातले तीन कारखाने सध्या ते फुकट वापरताहेत, आता दर ठरवायचाय. पगार, भाडं आणि इतर ठरलेला खर्च महिन्याला 2,40,000 रुपये आहे. शंभर ग्राहक धरले तर प्रत्येकी 2,400, त्यावर 25 टक्के नफा, म्हणजे महिना 3,000 रुपये, असा माझा हिशेब. माझा मावसभाऊ म्हणतो, "आपल्या खर्चाशी ग्राहकाला काय घेणं? त्याचा फायदा बघून मागू." बाबांचं कापडाचं दुकान होतं, त्यांना हे बोलणं लबाडीचं वाटतं. त्यात एका शेठनी "वर्षाचे दहा हजार घ्या" असं सांगून टाकलंय. कोणाचं ऐकू?

— एक वाचक, रावपुरा, बडोदा

उत्तर

मावसभावाचं ऐका, पण तो म्हणतो तितक्या सैलपणे नाही. फायदा बघून मागायचं असेल तर आधी तो फायदा कारखान्याच्या वह्यांतून काढावा लागतो, आणि ते काम खर्चाची बेरीज करण्यापेक्षा पुष्कळ जास्त मेहनतीचं आहे. तुमच्या खर्चालाही या सगळ्यात जागा आहे, फक्त ती दर ठरवण्याची नाही.

तुमच्या हिशेबातली अडचण आधी बघू. शंभर ग्राहक हा आकडा तुम्ही धरलाय. तो आला कुठून? शंभर मिळतील की चाळीस, हे तर दरावरच ठरणार. म्हणजे दर काढायला ग्राहकांची संख्या हवी आणि संख्या कळायला दर हवा. पहिल्या वर्षी चाळीसच ग्राहक मिळाले तर याच सूत्राने प्रत्येकी खर्च 6,000 होतो आणि दर 7,500. वीस मिळाले तर दर 15,000. ग्राहक कमी आले म्हणून दर वाढवा आणि पुष्कळ आले की उतरवा, असं हे सूत्र सांगतं. धंद्यात नेमकं याच्या उलट वागावं लागतं.

बाबांच्या दुकानात ही अडचण नव्हती. ताग्याची खरेदी किंमत बिलावर छापलेली असायची. दहा मीटर विकलं तर दहा मीटरची खरेदी, हजार मीटर विकलं तर हजार मीटरची. तिथे खर्चावर टक्के चढवणं सोपंही होतं आणि सरळही. सॉफ्टवेअरमध्ये जवळजवळ सगळा खर्च पहिला ग्राहक यायच्या आधीच झालेला असतो. एकविसाव्या ग्राहकामुळे तुमचे पगार वाढत नाहीत. त्यामुळे 'एका ग्राहकाचा खर्च 2,400' ही वस्तुस्थिती नाही, तो एका अंदाजाने केलेला भागाकार आहे.

या हिशेबात आणखी एक गोष्ट राहून गेली आहे. प्रत्येक ग्राहकामागे वाढणारा थोडा खर्च असतोच: सर्व्हरवरची जागा, जॉबवर्करला जाणारे मेसेज, आणि सगळ्यात मोठा म्हणजे मदतीचे फोन. स्टोअरचा माणूस बदलला की पुन्हा शिकवा, चुकीचं चलान पडलं की दुरुस्त करून द्या. मध्यम कारखान्यामागे महिन्याला तीन तास यात जातात असं धरा. शंभर ग्राहकांचे तीनशे तास झाले, म्हणजे जवळपास दोन पूर्णवेळ माणसं, जी तुमच्या 2,40,000 मध्ये नाहीत. तासाला 200 रुपये धरले तर एका ग्राहकामागे 600, त्यात सर्व्हर आणि मेसेज मिळवून साधारण 1,000 रुपये. म्हणजे 3,000 ने शंभर ग्राहक मिळाले तरी 3,00,000 मधून 1,00,000 सेवेत जातात आणि 2,00,000 उरतात. ठरलेला खर्च 2,40,000. पंचवीस टक्के नफा सोडाच, महिन्याला चाळीस हजारांचा तोटा. 'खर्च भरून निघतो' हा कॉस्ट-प्लसचा, म्हणजे खर्चावर टक्के चढवण्याच्या पद्धतीचा, एकुलता एक दिलासा होता, तोही इथे मिळत नाही.

या बेरजेतून एक उपयोगी आकडा मात्र हाती लागला: हजार रुपये. हा तुमचा तळ. त्याच्या खाली कोणालाही द्यायचं नाही, कारण तसा प्रत्येक ग्राहक तुम्हाला आणखी खाली ओढेल. वरची मर्यादा ग्राहकाच्या फायद्याने ठरते आणि दर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतो.

आता फायदा कसा काढायचा ते एका कारखान्यावर सविस्तर बघू. पंपाचे भाग बनवणारा मध्यम कारखाना घेऊ, चौदा जॉबवर्कर असलेला. टर्निंग एकाकडे, हीट ट्रीटमेंट दुसऱ्याकडे, प्लेटिंग आणि पावडर कोटिंग आणखी कोणाकडे. अशा आकाराच्या कारखान्यात दिसतील असे आकडे मी धरतोय. तुमच्या तिन्ही कारखान्यांच्या वह्यांतले खरे आकडे त्यांच्या जागी घाला.

पहिला प्रश्न असा विचारायचा: तुमचं सॉफ्टवेअर नसतं तर हा कारखाना काय करतो? तुलना त्याच्याशी करायची, शून्याशी नाही. इथे पुष्कळ जण चुकतात. त्याच्याकडे टॅली असेल तर त्यात जॉबवर्कचा माल बाहेर गेला आणि परत आला हे नोंदवायची सोय आहेच. ती तो नीट वापरत असेल तर तुमचा फायदा फक्त त्यापुढे जेवढा आहे तेवढाच. पण बहुतेक ठिकाणी स्टोअर एका टोकाला आणि अकाउंट्स दुसऱ्या टोकाला असतं, चलान हाताने फाडलं जातं आणि टॅलीत नोंद पंधरा दिवसांनी पडते, तीही जमलं तर. तुमच्याकडे जॉबवर्कर स्वतः फोनवरून 'माल मिळाला' असं कबूल करत असेल तर खरा फरक तिथे आहे. दराची सगळी मांडणी त्या फरकावर उभी करा.

आता वह्यांकडे वळू. पहिली ओळ कारकुनाच्या वेळेची. महिनाअखेरीला चलानं जुळवण्यात त्याचे सहा दिवस जायचे, आता दोन जातात. चार दिवस वाचले. दिवसाला 700 रुपये पगार धरला तर 2,800. पण कारकून काही सोडून जात नाही, त्याचा पगार शेठ देतातच. वाचलेल्या दिवसांत तो दुसरं उपयोगी काम करेल तेवढाच हा फायदा खरा. म्हणून मी निम्मा धरतो, 1,400. विक्रीला जाताना 'एका माणसाचा पगार वाचतो' असं सांगायचा मोह होईल. तसं सांगू नका. शेठ लगेच विचारतील, "मग कोणाला काढू?" आणि त्याला तुमच्याकडे उत्तर नसेल. शिवाय ज्या कारकुनाने रोज नोंदी करायच्या तोच पहिल्या दिवसापासून तुमच्या विरोधात जाईल.

दुसरी ओळ सगळ्यात वजनदार, न सापडलेल्या मालाची. ही तूट का पडते हे तुम्हाला नीट सांगता आलं पाहिजे, म्हणून जरा थांबून बघू. कारखान्यातून 500 किलो सळी जाते आणि परत येतात 1,900 नग. जाताना किलो, येताना नग. एक नग 220 ग्रॅमचा, म्हणजे 418 किलो झाले. 75 किलो स्क्रॅप परत आलं. एकूण 493. उरलेले 7 किलो कटिंगमध्ये गेले, जॉबवर्करकडे राहिले की नग मोजायला चुकले? एका चलानपुरता हा प्रश्न कोणी विचारत नाही. वर्षभर शेकडो चलानं अशी साठतात आणि मार्चमध्ये जॉबवर्कर म्हणतो, "माझ्याकडे काहीच शिल्लक नाही." सहा महिन्यांपूर्वीचं कोणाला आठवणार? शेवटी फरक वहीतून काढून टाकतात. समजा या कारखान्याने मागच्या वर्षी असा 3,60,000 रुपयांचा फरक काढून टाकला.

तुमचं सॉफ्टवेअर हे सगळे पैसे वाचवणार नाही. यातली काही खरोखरची कटिंगमधली घट आहे, काही रिजेक्शन आहे. चलान बंद होतानाच फरक दाखवला आणि जॉबवर्करने त्याच आठवड्यात उत्तर दिलं तर एक तृतीयांश तरी वाचेल असं धरू. वर्षाचे 1,20,000, महिन्याचे 10,000. हा एक तृतीयांश माझा अंदाज आहे. तुमच्याकडे मात्र चालू चाचणीतले पुरावे आहेत. किती चलानांवर फरक दिसला, त्यातला किती माल किंवा किती पैसे प्रत्यक्ष परत आले, हे आजच त्या तिघांकडून काढून घ्या.

तिसरी ओळ बाहेर अडकलेल्या मालाची. चौदा जणांकडे मिळून 40 लाखांचा माल पडलेला असतो. कोणाकडे काय आहे हे रोज दिसलं की तीच सळी दुसऱ्यांदा मागवली जात नाही आणि पडून राहिलेला माल लवकर ओढून आणता येतो. यात दहा टक्के घट झाली तर 4 लाख मोकळे झाले. पण 4 लाख हा फायदा नव्हे. फायदा आहे त्यावरचं व्याज. कॅश क्रेडिटचा दर दहा टक्के धरला तर वर्षाचे 40,000, महिन्याचे साधारण 3,300.

चौथी ओळ जीएसटीची, आणि इथे मी मुद्दाम शून्य लिहितो. सीजीएसटी कायद्याच्या कलम 143 प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात आणि भांडवली वस्तू तीन वर्षांत परत यायला हव्यात (साचे, डाय, जिग, फिक्स्चर यांना ही मुदत नाही). मुदतीत माल आला नाही तर तो पाठवला त्या दिवशीच पुरवठा झाला असं धरतात, आणि कर व्याजासह भरावा लागतो. आयटीसी-04 हे विवरणही भरायचं असतं, पाच कोटींवर उलाढाल असेल तर सहामाही आणि त्याखाली वर्षातून एकदा. तुमचं सॉफ्टवेअर या सगळ्यात मदत करतं, ते आवर्जून दाखवा. पण '18 टक्के कर आणि वर व्याज वाचतं' असा आकडा फायद्यात धरू नका. बहुतेक माल वर्षाच्या आत परततोच. जो परतत नाही त्याचं पुढे काय होतं, हे जॉबवर्कर नोंदणीकृत आहे का, बिल कसं झालं, यावर अवलंबून असतं. शेठच्या सीएने तुमचा आकडा एकदा खोडला की वरच्या तीन ओळींवरचाही विश्वास जातो. भीती दाखवून घेतलेली सही नूतनीकरणाच्या वेळी टिकतही नाही, कारण वर्षभर नोटीस आली नाही तर शेठला वाटतं, पैसे वाया गेले.

बेरीज झाली 14,700. यातून ग्राहकाला पडणारा त्रास वजा करा: रोजची नोंद, जॉबवर्करना तयार करणं, मालकाचा वेळ. त्याचे 1,700 धरले तर निव्वळ फायदा महिन्याला 13,000.

या 13,000 पैकी तुम्ही किती मागायचे? मावसभाऊ इथे उड्या मारेल, त्याला आवरा. हा फायदा शेठला अजून मिळालेला नाही, तो कागदावर आहे. पैसे मात्र रोख द्यायचे आहेत. तुमची संस्था नवी आहे, उद्या बंद पडली तर त्यांची नोंद अडकते, ही जोखीमही तेच घेणार. म्हणून नव्या विक्रेत्याने पाव ते एक तृतीयांश हिस्सा मागावा आणि बाकीचा ग्राहकाकडे राहू द्यावा, असं माझं मत आहे. असा कुठला नियम नाही, माझा हा अनुभवाने बसलेला आडाखा आहे. पाव म्हणजे 3,250, एक तृतीयांश म्हणजे 4,300 च्या आसपास. या कारखान्यासाठी मी 4,000 म्हणेन.

तुम्ही म्हणाल, फिरून फिरून आपण माझ्या 3,000 च्या जवळच आलो. या एका कारखान्यापुरते, हो. पण आता हीच मांडणी दुसऱ्या दोन ठिकाणी करून बघा. चार जॉबवर्कर असलेल्या लहान युनिटमध्ये मालक स्वतः स्कूटरवर जाऊन माल मोजून येतो. तिथे निव्वळ फायदा महिन्याला 2,000 सुद्धा निघणार नाही. त्याचा चौथा हिस्सा 500, तुमच्या तळाच्याही खाली. याउलट सावली किंवा हालोलकडचा दोन प्लांटचा, चाळीस-पंचेचाळीस जॉबवर्कर असलेला कारखाना घेतला तर तोच फायदा 50,000 च्या पुढे सहज जातो. तुमचे सरसकट 3,000 लहान युनिटला परवडत नाहीत, आणि मोठ्या कारखान्याला इतके स्वस्त वाटतात की तो शंका घेतो. मोठ्या कारखान्याचा खरेदी अधिकारी अगदी कमी दर बघून 'हे टिकणार का' असा विचार करतो. खर्चावरून काढलेला दर सगळ्यांना एकच आकडा देतो, आणि ग्राहकाग्राहकांमधला फरक त्याला दिसतच नाही. दोन पद्धतींमधलं खरं अंतर हेच आहे.

म्हणून तुमचा पुढचा निर्णय 'किती' याच्याइतकाच 'कशावर' हा आहे. बहुतेक सॉफ्टवेअरवाले माणशी लॉगिनवर पैसे घेतात. तुम्ही घेऊ नका. लॉगिनचे पैसे लावले की शेठ एकच पासवर्ड चौघांना देतात आणि स्टोअरमधला पोरगा, ज्याने नोंद करायची, त्यालाच लॉगिन मिळत नाही. चलानवर पैसे लावणं आणखी घातक. मग तीन चलानांचा माल एका चलानवर चढतो, घाईतला माल चलानशिवाय जातो, आणि ज्या फरकासाठी तुम्हाला घेतलं तोच पुन्हा झाकला जातो. दर अशा गोष्टीवर लावायचा जी फायद्याबरोबर वाढते पण पैसे वाचवायला कोणी कमी करणार नाही. तुमच्याकडे ती म्हणजे चालू जॉबवर्करची संख्या. महिन्याचं बिल कमी यावं म्हणून कोणी प्लेटिंगवाला सोडत नाही.

तीन टप्पे पुरेत. दहा जॉबवर्करपर्यंत महिना 2,000, त्यात मदत फक्त फोनवर. अकरा ते पंचवीस 4,000. त्यापुढे 12,000, त्यात दोन प्लांट आणि महिन्यातून एक भेट. हे सगळे दर जीएसटी वगळून सांगा. कारखाने नोंदणीकृत असतात, तुमच्या बिलावरचा 18 टक्के कर त्यांना क्रेडिटमध्ये मिळतो, त्यामुळे त्यांच्या डोक्यात कराशिवायचाच आकडा असतो. चार जॉबवर्करवाल्या लहान युनिटला आज नम्रपणे नाही म्हणा.

आता खर्च परत बाहेर काढा, या वेळी पडताळणीसाठी. वरच्या टप्प्यांत सेवेचा खर्च अनुक्रमे 600, 1,000 आणि 3,000 धरला तर एका ग्राहकामागे 1,400, 3,000 आणि 9,000 उरतात. लहान दहा, मध्यम चाळीस आणि मोठे बारा मिळाले तर 2,42,000 जमतात आणि तुमचा ठरलेला खर्च निघतो. म्हणजे बासष्ट ग्राहक. सरसकट 3,000 ने हेच गाठायला एकशेवीस लागले असते. मकरपुरा, पोर-रमणगामडी, वाघोडिया, सावली, हालोल या पट्ट्यात पंचवीसच्या वर जॉबवर्कर असलेले बारा कारखाने तुमच्या आवाक्यात आहेत का, हे कागदावर नावं लिहून बघा. नावं निघाली नाहीत तर दर वाढवून उपयोग नाही, खर्चच कमी करावा लागेल. खर्चाचं काम एवढंच: हा धंदा करावा की नाही हे सांगणं.

एका ठिकाणी मात्र कॉस्ट-प्लस अगदी योग्य आहे, आणि ते म्हणजे सुरुवातीची बसवणूक. जुन्या उघड्या चलानांच्या शिल्लक नोंदी भरणं, आयटमचे कोड ठरवणं, किलो ते नग याचं प्रमाण प्रत्येक भागासाठी बसवणं, जॉबवर्करना फोनवर शिकवणं. इथे तुमच्या माणसाचे दिवस मोजता येतात आणि पुढच्या ग्राहकाला ते पुन्हा द्यावेच लागतात, ताग्यासारखेच. एका दिवसाचा पगार आणि जाण्यायेण्याचा खर्च साधारण 3,000 पडत असेल तर 4,000 लावा. मध्यम कारखान्याला पाच दिवस, 20,000, एकदाच. हे फुकट देऊ नका. फुकट बसवणुकीत शेठ आयटमची यादी द्यायला दोन महिने लावतात, जुनी शिल्लक अर्धवट राहते, पहिल्याच अहवालात आकडे चुकीचे दिसतात आणि दोष सॉफ्टवेअरला जातो. एखाद्याने खास स्वतःसाठी वेगळा अहवाल मागितला तर तोही याच दिवसांच्या दराने.

फायदा काढायला तिन्ही कारखान्यांत जाल तेव्हा 'तुम्ही किती द्याल?' असं कधीही विचारू नका. त्याचं उत्तर दहा हजार वर्षालाच येतं, ते तुम्ही ऐकलंच आहे. त्याऐवजी अकाउंटंटला बरोबर घेऊन बसा आणि विचारा, "गया वर्षे स्टॉकमां केटलो फरक आव्यो?" वही उघडली की आकडा निघतो. चारही ओळी त्यांच्यासमोर लिहा आणि जी ओळ शेठना पटत नाही ती त्यांनाच खोडू द्या. उरलेली बेरीज त्यांची स्वतःची असते, तिच्यावर ते घासाघीस करत नाहीत. तिन्ही ठिकाणी दुसरी ओळ, न सापडलेल्या मालाची, अगदी लहान निघाली तर माझी सगळी मांडणी कोसळते. मग तुमचं सॉफ्टवेअर कारकुनाची सोय करणारं आहे, आणि त्याला 1,500 च्या वर दर मिळणार नाही. हे आत्ताच कळलेलं बरं.

बाबांच्या शंकेला माझ्याकडे सरळ उत्तर आहे. माणूस बघून दर सांगणं ही लबाडी, आणि फायद्याच्या नावाखाली तसं करणारे आहेतच. तुमचे तिन्ही टप्पे छापलेले असतील, एका टप्प्यातल्या सगळ्यांना एकच दर असेल आणि बिल कशावर वाढतं हे ग्राहकाला स्वतः मोजता येत असेल, तर त्यात लपवण्यासारखं काही राहत नाही. सूट द्यायची तर तिचंही कारण ठरलेलं असावं: वर्षाचे पैसे आधी भरले तर दोन महिने माफ. तो ओळखीचा, हा चिवट, म्हणून नाही. मकरपुऱ्यात कोणाला काय दर दिला ते दुपारच्या चहापर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं.

दर बरोबर बसला की नाही हे पुढच्या दहा-बारा बोलण्यांतून कळेल. प्रत्येक जण लगेच हो म्हणाला तर तो कमी आहे. कुरकुर करून बहुतेक जण सही करत असतील तर ठीक. शेठ तुमच्या दराची तुलना कारकुनाच्या पगाराशी करत असतील तर तुम्ही पहिलीच ओळ विकली, दुसरी त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नाही. आणि सही होऊनही तीन महिन्यांत नोंदी थांबल्या तर दोष दराचा नाही, स्टोअरमध्ये जाऊन बघा.

राहिले ते दहा हजारवाले शेठ. तुमच्या पडत्या काळात त्यांनी वापरून बघितलं, सुधारणा सुचवल्या, त्याचं मोल आहे. त्यांना पहिल्या वर्षी निम्म्या दराने द्या, पण बिलावर पूर्ण दर 4,000 लिहा, खाली वेगळ्या ओळीत '2,000 सूट, चाचणीत सहभागाबद्दल, 12 महिने' असं लिहा, आणि तेराव्या महिन्यापासूनचा दर करारात आजच घाला. बदल्यात त्यांच्या वहीतला फरकाचा आकडा, आधीचा आणि नंतरचा, दुसऱ्या ग्राहकांना दाखवायची लेखी परवानगी मागा. परवानगी मिळाली तर सूट वसूल झाली. ते नाही म्हणाले आणि दहा हजारांवरच अडून बसले, तर महिन्याला 833 रुपये होतात, तुमच्या तळाखाली. त्यांचा डेटा एक्सेलमध्ये काढून द्या, आभार माना आणि उरलेल्या दोघांकडे वही घेऊन बसा.